दहा तुकड्यांची कापणी आणि सरासरीचा घंटाकार

मंडळातील हजारो एकर ज्वारीचा उतारा अवघ्या दहा तुकड्यांच्या कापणीवरून ठरवितात, हे ऐकून पुष्कळ शेतकरी बांधवांस नवल वाटते, आणि कित्येकांस रागही येतो. पीकविम्याची भरपाई या आकड्यावर अवलंबून असल्यामुळे तो राग अकारण आहे असे आम्ही म्हणणार नाही. महसुली कारकुनीत आमची हयात गेली. आणेवारीचे नजरअंदाज व पुढे पैसेवारीचे तक्ते आम्ही पुष्कळ लिहिले. तेव्हा या दहा तुकड्यांवर भरवसा किती ठेवावा व कोठे ठेवू नये, याचा हिशेब वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

हिशेबापुरते एक मंडळ कल्पू या. त्यातील ज्वारीचे निम्मे क्षेत्र जिरायत व निम्मे बागायत आहे. कापणी प्रयोगाचा तुकडा दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद धरू. असे 200 तुकडे म्हणजे एक हेक्टर. जिरायत तुकड्यात 4 किलो दाणा निघतो व बागायत तुकड्यात 12 किलो. म्हणजे मंडळाची खरी सरासरी 8 किलो, अर्थात हेक्टरी 16 क्विंटल झाली. आता गंमत अशी की, 8 किलो देणारा तुकडा या मंडळात एकही नाही. पिकाचे चित्र काढू गेल्यास दोन टोकांस दोन ढीग व मध्ये मोकळे रान, असे ते दिसेल.

आता चिठ्ठ्या टाकून चार तुकडे निवडा. प्रत्येक चिठ्ठीस जिरायत किंवा बागायत असे दोनच मार्ग. म्हणून चार चिठ्ठ्यांचे एकंदर 16 क्रम होतात. चारही जिरायत येण्याचा क्रम एकच, व चारही बागायत येण्याचाही एकच. एक बागायत व तीन जिरायत असे येण्याचे क्रम मात्र चार आहेत, कारण ती एक बागायत चिठ्ठी पहिली, दुसरी, तिसरी किंवा चौथी असू शकते. तसेच तीन बागायतींचे चार. आणि दोन-दोन असे येण्याचे क्रम सहा. सरासरीच्या भाषेत सांगावयाचे तर 4 किलोचा मार्ग 1, 6 किलोचे 4, 8 किलोचे 6, 10 किलोचे 4 आणि 12 किलोचा 1. ज्या मध्यावर एकही तुकडा नव्हता, तेथेच सरासरीची सर्वांत मोठी रास पडली.

दहा तुकडे घेतल्यास क्रम 1024 होतात. त्यांपैकी 252 क्रमांत सरासरी बरोबर 8 किलो येते, 7.2 किलो येण्याचे क्रम 210 व 8.8 येण्याचेही 210. त्यापुढे दोन्ही बाजूंस 120, मग 45, मग 10, आणि अगदी टोकाला एकेक. हे आकडे उंचीने मांडल्यास मध्ये फुगलेली व दोन्ही बाजूंस उतरत जाणारी देवळातील घंटेसारखी आकृती उमटते. यात जमिनीचा काही गुण नाही. टोकाची सरासरी येण्यास सर्व चिठ्ठ्या एकाच बाजूला पडाव्या लागतात, आणि तसे मार्ग थोडे. मध्यावर येण्यास अधिक-उणे एकमेकांस फेडतात, आणि तसे मार्ग पुष्कळ. एवढेच त्याचे मर्म होय.

नाणेफेकीच्या संबंधात हा आकार द मुआव्र या गणितज्ञाने 1733 साली दाखविला, आणि 1810 साली लाप्लास याने तो कितीतरी अधिक प्रकारच्या राशींस लागू असल्याचे मांडले. यालाच केंद्रीय सीमा प्रमेय म्हणतात. मूळ पीक दोन ढिगांचे असो, सपाट असो वा एका बाजूस कललेले असो. तुकडे परस्परांवर अवलंबून नसले आणि एखाद्याच तुकड्याने सारी बेरीज गिळून टाकली नाही, तर पुष्कळ तुकड्यांच्या सरासऱ्या घंटाकारच मांडल्या जातात. किती म्हणजे पुष्कळ, हे मात्र पिकाच्या कलावर अवलंबून आहे. आमच्या मंडळात बागायत निम्म्याऐवजी चौथा हिस्साच असती, तर खरी सरासरी 6 किलो झाली असती. आणि चार चिठ्ठ्यांच्या दर 256 वेळांत 81 वेळा सर्व तुकडे जिरायत, तर फक्त एकदा सर्व बागायत निघाले असते. ही घंटा एका अंगाला झुकलेली आहे. तुकडे तीस-चाळीसपर्यंत नेल्यावर ती बरीच सरळ होते.

आता भरपाईकडे वळू. समजा, विम्याचा उंबरठा तुकड्यास 9 किलो, म्हणजे हेक्टरी 18 क्विंटल आहे. खरी सरासरी 8 असल्यामुळे भरपाई मिळणे न्याय्य आहे. तथापि दहा तुकड्यांत सात किंवा अधिक बागायत निघाले, तर सरासरी 9.6 च्या घरात किंवा वर जाते व भरपाई बुडते. असे 1024 पैकी 176 वेळा, म्हणजे शेकडा सुमारे 17 वेळा घडेल. आणि त्यात कोणाचीही लबाडी नसेल. तुकडे 40 केले तर हाच धोका शेकडा सुमारे 8 वर येतो. मात्र एक गोष्ट ध्यानात धरावी: तुकडे चौपट केल्याने सरासरीची चूक चौथाई होत नाही, निम्मी होते. दहाचे चाळीस केल्यावर घंटा निम्मी अरुंद होईल; आणखी निम्मी करण्यास 160 तुकडे कापावे लागतील.

हा सर्व हिशेब दोन अटींवर उभा आहे. पहिली अट, तुकडे परस्परांपासून स्वतंत्र असावेत. एकाच विहिरीखालच्या एकाच शेतात दहा तुकडे कापले, तर ते कागदावर दहा दिसतील, पण मोलाने एकाच्याच जवळपास असतील. म्हणून गावे, सर्व्हे नंबर व शेतातील जागा ही सर्व यदृच्छ आकड्यांनी निवडावयाची असतात. दुसरी अट, निवडीत व मोजणीत कल नसावा. रस्त्यालगतचे सोयीचे शेत धरले, किंवा पीक दाट दिसेल तेथे खुंटी रोवली, तर घंटा सुबक उमटेल, पण भलत्याच जागी. तुकडे वाढविल्याने हा दोष जात नाही. उलट चुकीचा आकडा अधिक ठाम वाटू लागतो. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी 1946 साली दाखविले की, फारच लहान तुकडे घेतल्यास उतारा वास्तवापेक्षा अधिक दिसतो. दोरीवरचे संशयास्पद ताट कापणारा बहुधा आत घेतो, आणि तुकडा जितका लहान तितका त्याच्या कडेचा वाटा मोठा.

तेव्हा कापणीच्या दिवशी शेतकऱ्याने पुढील गोष्टी पाहाव्यात. जागा आकड्यांनी निवडली की नजरेने? दोरी तुकड्याच्या चारही बाजूंस व कर्णास मापली काय? कडेच्या ताटांचा निवाडा मूळ दोरीच्या आत आहे की बाहेर, यावरूनच झाला काय? दाणा वाळल्यावर पुन्हा वजन होणार आहे काय? या गोष्टी नीट असल्या व तरीही आकडा वेगळा पडला, तर तो दैवाचा फेर समजावा आणि अधिक तुकड्यांची मागणी करावी. त्या नीट नसल्या, तर मागणी फेरकापणीची करावी, आणि ती पीक शेतात उभे असतानाच करावी.