‘जेवण झालं काय?’: उत्तर नको, फक्त ओ हवी

बेळगावच्या बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की मराठीत ‘जेवण झालं काय?’ आणि कन्नडमध्ये ‘ऊट आयता?’ असं सहज विचारलं जातं. विचारणाऱ्याला जेवणाची माहिती नको असते. म्हणून पोटात काही नसलं तरी समोरचा ‘झालं, तुमचं?’ म्हणून पुढे जातो. याला खोटं कुणी म्हणत नाही.

मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये अशा बोलण्याला ‘फॅटिक’ हे नाव दिलं. माहिती देण्यापेक्षा नातं जोडून ठेवणं हे त्याचं काम. पुढे १९६० मध्ये भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी त्यात बोलण्याची वाट उघडी आहे का, हे तपासणंही धरलं. फोनवर आपण ‘हॅलो, ऐकू येतंय ना?’ म्हणतो, तसंच हे.

मात्र हाच प्रश्न ताट वाढायला घेतलेल्या आईने केला, तर तो खरा असतो. तिथे ‘झालं’ म्हटलं की ताट परत जातं. फरक इथेच कळतो: उत्तरावर पुढचं काही ठरतं का?

बाजारात उत्तरावर काहीच ठरत नाही. पण ओळखीचा माणूस ओ न देता निघून गेला, तर ‘काही बिनसलं काय?’ ही शंका लगेच येते.