सुट्टीच्या दिवशीचा कॉम्प्रेसर

भोसरीसारख्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखानदाराच्या मेलबॉक्समध्ये ऊर्जा लेखापरीक्षकाचं पत्र येतं: ‘हवेची गळती बंद करा, खर्च दोन महिन्यांत वसूल.’ मालक ते वाचतो, हसतो आणि पुढच्या मेलकडे वळतो. हसण्यात तथ्य असतं. पण पत्रही अगदीच खोटं नसतं.

समजा, ३० एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर आहे. साप्ताहिक सुट्टीला सगळी मशीन बंद ठेवायची, मात्र त्यांच्याकडे जाणारे हवेचे व्हॉल्व्ह उघडेच ठेवायचे. ते बंद केले, तर मशीनच्या आतली गळती मोजलीच जात नाही, आणि नेमकी हीच चूक अनेकदा होते. मग कॉम्प्रेसर चालू करून हातात घड्याळ घ्यायचं. हवा कुणीच वापरत नाही, तरी दाब उतरतो आणि कॉम्प्रेसर लोड घेतो. दर पाच मिनिटांतला दीड मिनिट तो लोडवर असेल, तर ३० टक्के हवा गळते आहे. पाइपच्या जोडांवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात. बहुधा ती पुश फिटिंग, जुनी पीयू नळी किंवा एफआरएलची वाटी असते. (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या कॉम्प्रेसरला मात्र ही घड्याळाची रीत चालत नाही.)

गळती १० टक्क्यांवर आली, की दर पाच मिनिटांतला एक मिनिट लोड वाचतो. आता हिशेब. पत्रलेखक म्हणतो, लोडवर २४ किलोवॅट लागतात, त्याचे २० टक्के म्हणजे ४.८ किलोवॅट वाचले. वर्षाला ४,८०० तास चालतो, म्हणजे २३,०४० युनिट. एकूण बिल भागिले युनिट करून ११ रुपये दर धरला, की बचत अडीच लाखांवर जाते. दुरुस्तीचे ४० हजार दोन महिन्यांत सुटले!

पण अनलोड झालेला कॉम्प्रेसरही फुकट फिरत नाही. तो ८ किलोवॅट ओढत असेल, तर खरा फरक १६ किलोवॅटचा; त्याचे २० टक्के ३.२, म्हणजे वर्षाला १५,३६० युनिट. शिवाय ११ रुपयांत डिमांड चार्जही मिसळलेला असतो, आणि युनिट वाचले म्हणून तो आपोआप उतरत नाही. युनिटमागे खरोखर वाचणारे ९ रुपये धरले, तर बचत १,३८,२४० रुपये. ४० हजारांना त्याने भागलं की साडेतीन महिने येतात.

काम दोन्ही हिशेबांनी करण्याजोगंच आहे. मात्र सल्लागाराची फी बचतीच्या टक्क्यांवर ठरली असेल, तर मालकाने ‘अनलोडचे किलोवॅट किती धरले?’ एवढं उत्तरी मेलमध्ये विचारावं. फिटिंग पुन्हा ढिली होतात, म्हणून सहा महिन्यांनी परत एकदा सुट्टीच्या दिवशी घड्याळ घेऊन उभं राहायची अटही करारात लिहून घ्यावी.