लेझर प्रिंटवर काळी उभी रेघ येतीये? कार्ट्रिज फेकायच्या आधी हे एकदा वाचाच

रात्रीचे साडेनऊ. माझ्या मावसभावाचं इंजिनिअरिंगचं ब्लॅक बुक दुसऱ्या दिवशी सबमिट करायचं होतं. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ऐंशी पानं निघाली आणि प्रत्येक पानावर डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ. नुसत्या मजकुरावर असती तर एखाद्याने चालवून घेतलं असतं. पण ही रेघ नेमकी तक्त्यातल्या आकड्यांच्या शेजारून जात होती. ४५० च्या डावीकडे उभी रेघ आली की वाचणाऱ्याला ते १४५० वाटतं. रीडिंगचा अख्खा तक्ता गंडला.

दुकानदार म्हणाला, "कार्ट्रिज गेलंय, नवीन टाकावं लागेल." अशा वेळी बहुतेक दुकानांत हेच ऐकायला मिळतं. पण खरंच अख्खं कार्ट्रिज जातं का? की आतली एखादी बारकी वस्तू जाते आणि बाकीचं ठणठणीत असतं?

आधी ही रेघ येते कुठून ते बघू.

लेझर प्रिंटरमध्ये शाई नसते, टोनर नावाची बारीक काळी पूड असते, हे तुम्हाला माहीत असेल. ही पूड थेट कागदावर पडत नाही. कार्ट्रिजमध्ये एक निळसर किंवा हिरवट, चकाकणारा रूळ असतो, त्याला म्हणतात ड्रम. मूळची ॲल्युमिनिअमची नळी आणि तिच्यावर प्रकाशाला संवेदनशील असा अगदी पातळ लेप. प्रिंट देताना आधी या ड्रमवर साधारण ६०० व्होल्टचा ऋण विद्युतभार चढवला जातो. मग जिथे अक्षर हवं तिथे लेझर पडतो आणि तेवढ्या जागेचा भार उतरतो. टोनरवरही ऋण भारच असतो. त्यामुळे भारलेल्या जागेपासून तो लांब राहतो आणि भार उतरलेल्या जागेला जाऊन चिकटतो. तिथून तो कागदावर येतो, पुढे गरम रुळाखाली वितळून पक्का होतो.

आता गंमत बघा. ड्रमवर ओरखडा पडला, तर त्या जागचा लेप जातो. लेप नाही म्हणजे भार टिकत नाही. आणि भार नाही म्हणजे टोनरला वाटतं, इथे लेझर पडून गेलाय, इथे आपण बसायचं. म्हणून ओरखडा कागदावर पांढरा न उमटता काळा उमटतो. ड्रम गोल फिरत असतो, त्यामुळे ओरखडा त्याच्या भोवती कड्यासारखा पूर्ण गेला असेल तर कागदावर सलग रेघ येते. एकाच जागी टोचा असेल तर रेघ येत नाही, ठरावीक अंतरावर ठिपके येतात. ड्रमचा व्यास २४ मिलिमीटर असेल तर दर ७५ मिलिमीटरवर, ३० मिलिमीटर असेल तर दर ९४ मिलिमीटरवर. पट्टी लावून मोजलं तरी कळतं.

पण सगळ्या रेघा ओरखड्याच्या नसतात. इथे दुसरं पात्र येतं, क्लीनिंग ब्लेड. दुकानदार याला वायपर ब्लेडही म्हणतात.

ड्रमवरचा सगळाच्या सगळा टोनर कागदावर जात नाही, थोडा मागे राहतो. तो खरवडायला ड्रमला टेकून एक रबरासारखी पट्टी बसवलेली असते. गाडीच्या काचेवरचा वायपर डोळ्यासमोर आणा, फक्त इथे वायपर स्थिर आणि काच फिरती. खरवडलेला टोनर मागच्या कप्प्यात जमा होतो, त्याला वेस्ट टोनर म्हणतात. ब्लेडची धार झिजली किंवा एखाद्या जागी तिला खाच पडली, की तेवढ्या जागेतून टोनर सुटतो आणि ड्रमवर तसाच राहतो. तोच पुढे भार चढवणाऱ्या काळ्या रबरी रोलरवर जाऊन बसतो, मग तो रोलरही त्या पट्ट्यात नीट काम करत नाही. म्हणून ब्लेडमुळे येणारी रेघ सहसा हळूहळू रुंद आणि गडद होत जाते.

नुसत्या नजरेनेही बराच अंदाज येतो. केसासारखी बारीक, कडक, प्रत्येक पानावर अगदी एकाच जागी असलेली रेघ म्हणजे बहुधा ड्रमवरचा ओरखडा. रुंद, धुरकट, कडा पुसट असलेला, एका पानावर कमी आणि दुसऱ्यावर जास्त असा पट्टा म्हणजे ब्लेड झिजलंय किंवा वेस्ट टोनरचा कप्पा भरून वाहतोय. बहुधा म्हणतोय, कारण खाच पडलेलं ब्लेडही बारीक रेघ देऊ शकतं. म्हणून खात्री करावी लागते.

सगळ्यात आधी एक साधी गोष्ट तपासा. रेघ फक्त झेरॉक्स काढताना येते की कॉम्प्युटरवरून प्रिंट दिल्यावरही येते? ऑल-इन-वन मशीनला वरून कागद ओढून घेणारा फीडर असतो, त्याच्या बाजूला काचेची एक अरुंद पट्टी असते. तिच्यावर व्हाइटनरचा एक ठिपका जरी पडला तरी फीडरमधून काढलेल्या प्रत्येक कॉपीवर उभी रेघ येते. यात कार्ट्रिजचा काहीच संबंध नसतो. काच पुसली की काम झालं.

प्रिंटवरही रेघ येत असेल तर एक कोरं पान प्रिंटला द्या. कागद अर्धा आत गेला की झाकण उघडा. प्रिंटर थांबेल. कागद हळूच काढा, त्यावरचा टोनर अजून कच्चा असतो, हाताला लागेल. आतला गरम भाग भाजतो, तिकडे बोट नेऊ नका. आता कार्ट्रिज बाहेर काढा, ड्रमवरचं झाकण उचला आणि बघा. ड्रमवर रेघ दिसत असेल तर दोष कार्ट्रिजमध्येच आहे, पुढच्या गरम रुळात नाही.

जागा जुळवायची एक सोपी युक्ती आहे. बहुतेक लेझर प्रिंटरमध्ये पान ट्रेमध्ये पालथं पडतं. रेघ असलेलं पूर्ण पान तसंच पालथं राहू द्या आणि रेघ जिथे आहे तिथे पाठीमागे पेन्सिलने खूण करा. पान उलटवून मोजलंत तर डावं-उजवं बदलतं आणि तुम्ही ड्रमच्या भलत्याच टोकाला ओरखडा शोधत बसता. (मी बसलोय.)

मावसभावाच्या केसमध्ये कार्ट्रिज होतं १२-ए, म्हणजे आपल्याकडच्या दुकानांत वर्षानुवर्षं चालत आलेलं. यात ड्रम, ब्लेड, रोलर, टोनर सगळं एकाच डब्यात असतं. खूण जुळवली तर कडेपासून सहा सेंटिमीटरवर ड्रमभोवती काळं कडं दिसलं. कोरड्या, मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने ते हलकेच पुसलं. ड्रम फिरवायचा तो बाजूच्या गिअरने आणि तो छपाईच्या वेळी जसा फिरतो त्याच दिशेने. उलटा फिरवला की ब्लेडची धार दुमडू शकते. हे सगळं दोन-तीन मिनिटांत उरकायचं, कारण ड्रमला उजेड सोसत नाही. उन्हात तर न्यायचाच नाही. आणि बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलं की ठसाही छापला जातो.

कडं पुसलं गेलं. खाली ओरखडा दिसला नाही. कार्ट्रिज लावलं, पहिली तीन पानं स्वच्छ आली, चौथ्यापासून रेघ हजर.

या एवढ्यावरून निदान होतं. पुसल्यावर खाली चकचकीत ओरखडा दिसला असता आणि पहिल्याच पानावर रेघ आली असती, तर ड्रम गेला असता. इथे पुसल्यावर रेघ जाते आणि काही पानांनी परत येते. म्हणजे मागून टोनर गळतोय. दुकानदाराला विचारलं, किती वेळा रिफिल केलंय? "चार-पाच." दर वेळी वेस्ट टोनर काढलात का? तो हसला.

रिफिलवाल्याने दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ट्रिज खोललं, तर मागचा कप्पा गच्च भरलेला. ब्लेडच्या धारेवर सहा सेंटिमीटरच्याच जागी स्टेपलरच्या पिनेचा तुकडा अडकून खाच पडलेली. तो तुकडा आला कुठून? पाठकोऱ्या कागदांतून. एका बाजूने छापलेले जुने कागद पिन न काढता ट्रेमध्ये घालणं ही आपली खास काटकसर आहे, आणि ड्रम-ब्लेडची सगळ्यात मोठी शत्रूही. व्हाइटनर लावलेले आणि स्टिकरचा गोंद लागलेले कागदही तेच करतात.

आता प्रश्न, नुसतं ब्लेड बदलायचं की ड्रमही? माझं मत, दोन्ही एकदम. सुटे भाग बाजारात मिळतात आणि ओरिजनल कार्ट्रिजपुढे त्यांची किंमत फारच कमी असते. जुन्या ब्लेडमध्ये कण अडकलेला असेल आणि नुसता ड्रम बदलला, तर तेच ब्लेड नव्या ड्रमवर आठवड्याभरात कडं पाडतं. मग गिऱ्हाईक म्हणतं, ड्रम डुप्लिकेट होता. काम करून घेताना तीन गोष्टी समोर उभं राहून बघा. वेस्ट टोनर काढला का, रोलर पुसला का, आणि नव्या ब्लेडला बारीक पांढरी पावडर लावली का. ही पावडर घर्षण कमी करते. कोरडं ब्लेड बसवलं तर ते चिरचिर आवाज करतं आणि पहिल्याच फेऱ्यात दुमडू शकतं.

सगळ्या प्रिंटरमध्ये मात्र हे असंच नसतं. काही कंपन्यांच्या, उदाहरणार्थ ब्रदरच्या, बऱ्याच मशीनमध्ये ड्रम युनिट वेगळं आणि टोनर वेगळा असतो. तिथे ड्रमवर भार चढवायला एक बारीक तार असते आणि ती साफ करायला ड्रम युनिटवर एक छोटी हिरवी (काही मॉडेलांत निळी) सरकपट्टी असते. ती डावीकडून उजवीकडे चार-सहा वेळा सरकवा. पण शेवटी ती बाणाच्या खुणेपाशी परत आणायला विसरू नका. मध्येच राहिली तर तिच्यामुळेच उभा पट्टा येतो. टोनर नवा टाकून रेघ गेली नाही म्हणून वैतागणारे बरेच लोक इथे फसलेले असतात.

कार्ट्रिज काढून गदागदा हलवण्याचा उपाय मात्र इथे करू नका. टोनर संपत आला आणि पान फिकं येऊ लागलं की तो चालतो. काळ्या रेघेवर त्याचा उपयोग नाही, उलट वेस्ट कप्पा भरलेला असेल तर आणखी पूड सांडते. सांडलीच तर ओल्या फडक्याने, थंड पाण्याने पुसा. गरम पाण्याने टोनर मऊ होऊन कापडाला चिकटतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही लावू नका, इतकी बारीक पूड त्याच्या फिल्टरमधून परत खोलीत येते.

प्रिंटरच्या मेन्यूमध्ये क्लीनिंग पेजही असतं. ते गरम रुळावर चिकटलेली घाण काढतं, ड्रमवरचा ओरखडा किंवा ब्लेडची खाच त्याने जात नाही.

आणि ब्लॅक बुक? रात्री ते शेजारच्या दुकानातून परत प्रिंट करून घेतलं. रिफिलवाल्याकडून कार्ट्रिज आल्यावर आधीच्या दुकानदाराने शंभर पानं काढून बघितली, रेघ आली नाही. मावसभावाच्या ऐंशी पानांचे पैसे त्याने परत दिले आणि ती रेघवाली पानं पाठकोरी म्हणून ट्रेमध्ये घालायला ठेवून घेतली. पिना तेवढ्या काढायला लावल्या आम्ही.