शून्याच्या शेजारचा आकडा

१८४७ साली गुस्टाफ किर्खहोफने विजेच्या जाळ्यांवर एक निबंध लिहिला. जाळ्यातल्या कोणत्या तारेतून किती प्रवाह जाईल, एवढाच त्याचा प्रश्न होता. आलेखांचा सिद्धान्त नावाची शाखा तेव्हा जन्मायचीच होती. तरीही ग्राफच्या जोडणीबद्दल आज जे बोललं जातं, त्याचं मूळ या निबंधापर्यंत पोचतं.

आजच्या मांडणीत ते असं. ग्राफ म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. एक मॅट्रिक्स मांडायचा. कर्णावर प्रत्येक बिंदूला किती रेषा येऊन मिळतात ती संख्या लिहायची, जिथे दोन बिंदू जोडलेले असतील तिथे −१ आणि उरलेल्या जागी शून्य. हाच L = D − A, ग्राफचा लाप्लासियन. किर्खहोफच्या नावाने ओळखलं जाणारं प्रमेय याच मॅट्रिक्सविषयी आहे: शून्य सोडून बाकीच्या आयगनमूल्यांचा गुणाकार करा, त्याला बिंदूंच्या संख्येने भागा, की ग्राफमधल्या सगळ्या बिंदूंना एकही वेढा न पडू देता जोडण्याचे किती मार्ग आहेत ते मिळतं.

एक छोटा ग्राफ घेऊन पाहू. दोन त्रिकोण, आणि एकाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्याच्या एका कोपऱ्यापर्यंत एकच पूल. बिंदू सहा, रेषा सात. आयगनमूल्यं येतात ०, ०.४३८, ३, ३, ३ आणि ४.५६२. शून्याखेरीज सगळ्यांचा गुणाकार ५४, भागिले ६, म्हणजे ९. हाताने मोजलं तरी हेच येतं. प्रत्येक त्रिकोणातली एक रेषा सोडायची, त्याचे तीन-तीन मार्ग. पूल मात्र ठेवावाच लागतो. तीन गुणिले तीन, नऊ.

हा हिशेब नेटका आहे, पण त्यात सगळी मूल्यं एकत्र दळली जातात. मधला पूल किती नाजूक आहे, हे ९ या आकड्यात कुठेच दिसत नाही. ते सांगणारा आकडा यादीत समोरच आहे, ०.४३८. त्याच्याकडे नीट बघायला सव्वाशे वर्षं जावी लागली.

१९७३ साली प्रागच्या मिरोस्लाव्ह फीडलर यांनी दुसऱ्या क्रमांकाच्या आयगनमूल्याला, म्हणजे λ₂ ला, ग्राफची ‘बैजिक संलग्नता’ असं नाव दिलं. पहिलं मूल्य नेहमी शून्यच असतं. ग्राफचे जितके सुटे तुकडे, तितक्या वेळा शून्य येतं. आपल्या ग्राफमधला पूल काढून टाकला तर यादी ०, ०, ३, ३, ३, ३ अशी होते. म्हणजे λ₂ शून्य असेल तर ग्राफ तुटलेला, शून्याहून मोठं असेल तर अखंड. एवढंच असतं तर नवल नव्हतं. तुकडे मोजायला आयगनमूल्यं कशाला हवीत? फीडलर यांचं म्हणणं असं, की λ₂ शून्यापासून किती दूर आहे यालाही अर्थ आहे.

त्याचं कारण एका साध्या बेरजेत आहे. प्रत्येक बिंदूला एक संख्या द्या. मग प्रत्येक रेषेच्या दोन टोकांच्या संख्यांमधल्या फरकाचा वर्ग काढा आणि सगळे वर्ग मिळवा. लाप्लासियन नेमकी हीच बेरीज मोजतो. अट एवढीच, की दिलेल्या संख्यांची बेरीज शून्य असावी आणि त्यांच्या वर्गांची बेरीज एक. नाहीतर सगळ्यांना एकच संख्या देऊन मोकळं होता येईल. या अटीत मिळणारी सर्वात छोटी बेरीज म्हणजे λ₂. ती छोटी राखायची तर दाट जोडलेल्या बिंदूंना जवळजवळ सारख्या संख्या द्याव्या लागतात, आणि मोठी उडी जिथे रेषा कमी आहेत तिथेच घ्यावी लागते.

दोन त्रिकोणांच्या ग्राफमध्ये अशा संख्या, म्हणजेच फीडलर यांच्या संख्या, साधारण १, १, ०.५६ आणि पलीकडे −०.५६, −१, −१ या प्रमाणात येतात. चिन्ह बदलतं ते बरोबर पुलावर. कुठे कापायचं हे गणिताला कोणी सांगितलेलं नव्हतं. आता पुलाला कमी वजन देऊन बघा: पुलाचं वजन १ वरून ०.१ केलं की λ₂ ०.०६४ पर्यंत घसरतं. उलट त्रिकोणांमध्ये वेगळ्या कोपऱ्यांतून दुसरा पूल टाकला की ते १ होतं, आणि तिसरा टाकला की २. तुकडा अजूनही एकच आहे, पण जोडणी किती घट्ट झाली ते आकडा सांगतो. ग्राफ तोडायला किमान किती बिंदू काढावे लागतील, त्या संख्येपेक्षा λ₂ मोठं असू शकत नाही, हेही फीडलर यांनी दाखवलं. अपवाद फक्त ज्यात प्रत्येक बिंदू प्रत्येकाला जोडलेला आहे अशा ग्राफचा.

त्याच १९७३ साली आयबीएममध्ये डोनाथ आणि हॉफमन हे ग्राफचे तुकडे पाडण्याच्या प्रश्नावर आयगनमूल्यांचाच वापर करत होते.

पुढचा प्रश्न उलट दिशेचा होता. λ₂ लहान असेल तर ग्राफमध्ये खरोखरच एखादी अरुंद जागा असते का? जेफ चीगर यांनी १९७० मध्ये वक्र पृष्ठांसाठी असं एक सूत्र दिलं होतं. १९८५-८६ च्या सुमारास नोगा अलोन आणि विताली मिलमन यांच्या कामातून ते ग्राफवर आलं. उत्तर ‘होय’ होतं, पण सैलसर. शंभर बिंदूंची सरळ साखळी घ्या. मधोमध कापली तर एकच रेषा तुटते आणि प्रत्येक बाजूला पन्नास बिंदू राहतात; प्रमाण ०.०२. त्या साखळीचं λ₂ मात्र सुमारे ०.००१. कारण या आकड्यात फक्त छेदाचा अरुंदपणा नसतो, लांबीही मिसळलेली असते. लहान λ₂ पाहून ‘इथे पूल तुटायला आलाय’ असं म्हणणाऱ्याने आधी ग्राफ नुसताच लांबलचक नाही ना, हे बघावं.

१९९० मध्ये ॲलेक्स पोथेन, होर्स्ट सायमन आणि कांग-पू ल्यू यांनी मोठ्या विरळ मॅट्रिक्सचे तुकडे पाडायला फीडलर यांच्या संख्या वापरल्या, आणि ही रीत संगणकाच्या कामात रुळली. मग गॅटरी आणि मिलर यांनी तिला अडवणारा ग्राफ समोर ठेवला. त्याचं नाव झुरळ, आणि ते शोभतं. दोन समांतर साखळ्या, अर्ध्या लांबीपर्यंत शिडीसारख्या पायऱ्यांनी जोडलेल्या. उरलेला अर्धा भाग म्हणजे दोन मोकळ्या मिशा. मिशा आणि शिडी वेगळी केली तर फक्त दोन रेषा तुटतात आणि दोन्ही बाजू समान राहतात. फीडलर यांच्या संख्यांचं चिन्ह मात्र वरची साखळी एकीकडे आणि खालची दुसरीकडे टाकतं, आणि सगळ्या पायऱ्या कापल्या जातात. शिडी हजार पायऱ्यांची असेल तर हजार.

चूक ओळखायची खूण यादीतच असते, फक्त एक घर पुढे. झुरळात λ₂ आणि λ₃ जवळपास चिकटलेले असतात: एक कापणी आडवी, एक उभी, आणि दोघींची किंमत गणिताच्या लेखी जवळजवळ सारखी. त्यात कोणती पुढे सरकेल, ते काठावरच्या बारीक फरकावर ठरतं. दोन त्रिकोणांत λ₂ ०.४३८ आणि λ₃ थेट ३, म्हणून तिथे कापणीबद्दल शंकाच राहत नाही. २०१३ मध्ये क्वोक, लाऊ, ली, ओवेइस घारान आणि ट्रेव्हिसान यांनी हे प्रमेय म्हणून सिद्ध केलं: λ₃ किंवा पुढचं एखादं मूल्य पुरेसं मोठं असेल, तर फीडलर यांच्या संख्यांच्या क्रमाने केलेली कापणी जुन्या हमीपेक्षा चांगली ठरते. तेव्हापासून λ₂ ची किंमत सांगताना शेजारचा λ₃ किती आहे तेही सांगायला हवं, असं माझं मत आहे.