पट्टा आधी, अंतर नंतर

यांत्रिक मॉडेलमध्ये २० आणि ६० दात्यांच्या दोन पुली दातेरी पट्ट्याने जोडायच्या आहेत आणि दात्यांमधले अंतर २ मिमी आहे, असे समजू. केंद्रांतर ६० मिमी ठेवले, तर पट्ट्याची लांबी अशी निघते: केंद्रांतराची दुप्पट १२०, दोन्ही परिघांची निम्मी बेरीज ८०, शिवाय पुलींच्या व्यासांतील फरकामुळे सुमारे २.७, एकूण २०२.७ मिमी. म्हणजे १०१.३५ दाते, आणि अपूर्ण दात्याचा अखंड पट्टा नसतोच! म्हणून बाजारात सहज मिळणारा २०० मिमीचा पट्टा घेऊन केंद्रांतर ५८.६ मिमीवर आणावे. मोटर बसवण्याची भोके लांबट ठेवली की ताण जुळवता येतो. पट्टा सैल राहिल्यास तो दाते ओलांडतो. साखळीत कड्यांची संख्या सम ठेवावी, कारण विषम संख्येला लागणारी जोडकडी कमकुवत असते.