अपघाताच्या आधीचे एक मिनिट : परिपाठातील रस्ता सुरक्षा नाटुकल्याविषयीचे गैरसमज

शाळेच्या परिपाठात, म्हणजे तास सुरू होण्यापूर्वीच्या सामूहिक सभेत, सादर होणाऱ्या रस्ता सुरक्षेच्या नाटुकल्याचा साचा बहुतेकांना पाठ असतो : सुसाट निघालेली दुचाकी, मोठा आवाज, लाल रंगाने माखलेला सदरा, आईचा आक्रोश आणि अखेरीस निवेदकाचा उपदेश. प्रेक्षक जितका हादरेल तितका तो सुधारेल, हा समज या साच्याच्या मुळाशी असतो आणि किशोरवयीन प्रेक्षकांच्या बाबतीत नेमका तोच सर्वांत कमी टिकतो.

भीतीच्या संदेशांचा अभ्यास करणाऱ्या किम विट यांनी 1992 मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार माणूस अशा वेळी दोन गोष्टी जोखतो, एक म्हणजे धोका किती मोठा आहे आणि दुसरी म्हणजे त्यावरचा उपाय आपल्याला जमण्यासारखा आहे का. धोका प्रचंड वाटला पण उपाय हाती दिसला नाही, तर माणूस धोक्याऐवजी स्वतःची भीती आवरू लागतो. तो नजर फिरवतो, थट्टा करतो किंवा हे आपल्या बाबतीत घडणार नाही असे ठरवून मोकळा होतो. आक्रोशाच्या प्रवेशाला मागच्या रांगेतून हशा उठतो, तेव्हा तो मुलांचा उद्धटपणा असतोच असे नाही. कित्येकदा प्रवेशाने त्यांना दुसरी वाटच ठेवलेली नसते.

दुसरा समज असा की मुले अज्ञानापोटी धोका पत्करतात. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संगणकावरील वाहन चालवण्याच्या खेळात किशोरांनी समवयस्कांच्या उपस्थितीत एकट्याने खेळताना घेतला त्याहून बराच अधिक धोका घेतला, आणि हा परिणाम प्रौढांपेक्षा त्यांच्यात ठळक होता. म्हणून नाटुकल्याचा नायक स्कूटर चालवणारा नसावा, तर मागे बसायचे की नाही हे मित्रांसमोर ठरवावे लागणारा मुलगा असावा.

वास्कोतील एखाद्या उच्च माध्यमिक विद्यालयासाठी आठ मिनिटांचे नाटुकले या दृष्टीने रचायचे झाल्यास स्थळ दूर शोधावे लागत नाही, कारण सड्याच्या पठारावरून शहरात उतरणारा रस्ता आणि मुरगाव बंदराकडे जाणारी अवजड वाहने मुलांच्या रोजच्या पाहण्यातली असतात. रंगमंचावर दोन खुर्च्या एकामागे एक मांडल्या की स्कूटर तयार होते. हेल्मेट मात्र खरे असावे आणि ते चालकाच्या कोपरात अडकवलेले दिसावे.

रोहन : बस रे, क्लासला पाच मिनिटांत पोचवतो.
समीर : लायसन्स आहे तुझ्याकडे?
रोहन : सतरा पूर्ण झाली मला. सोळानंतर चालते.
तन्वी : समीर, एवढं खाली तर उतरायचंय! बसची वाट बघत बसणार का?
समीर : हेल्मेट तरी घाल.
रोहन : केस विस्कटतात. आणि पोलीस पुढच्या चौकात असतात, तिथे घालतो.

समीर एक पाय उचलतो आणि तेथेच सर्व पात्रे स्तब्ध होतात. अपघात दाखवला जात नाही. सूत्रधार शिक्षिका प्रेक्षकांना विचारते की समीरने आता काय करावे, आणि ज्याला काही सुचते त्याने पुढे येऊन समीरची जागा घ्यावी. ब्राझीलचे नाटककार आउगुस्तो बोआल यांनी 1970 च्या दशकात घडवलेल्या ‘फोरम थिएटर’चे हे तंत्र आहे; त्यात प्रेक्षक प्रसंगात शिरून तो बदलून पाहतो. रोहन आणि तन्वी यांना एक सूचना आधीच द्यावी लागते : पहिल्या नकाराला बधायचे नाही. ‘आई रागावेल’ एवढ्याने रोहन गप्प बसला, तर सराव खोटा ठरतो. तीन-चार विद्यार्थी प्रयत्न करून गेल्यावर सहसा असे दिसू लागते की लांबलचक समजावणीपेक्षा ‘मी बसने जातो, चल तूही’ किंवा ‘पायलट करू, अर्धे पैसे मी देतो’ अशी लगेच करता येण्याजोगी कृती अधिक उपयोगी पडते. (गोव्यात पैसे घेऊन मोटारसायकलवरून प्रवासी नेणाऱ्याला पायलट म्हणतात.)

रोहनचे प्रत्येक वाक्य हा एक रूढ गैरसमज आहे आणि चर्चेत तो वस्तुस्थितीशी ताडून पाहायचा असतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 4 नुसार सोळा वर्षांनंतर केवळ 50 सीसीपर्यंतच्या इंजिनाची मोटारसायकल चालवता येते आणि त्यासाठीही परवाना लागतोच, तर घरोघरी दिसणाऱ्या स्कूटरची क्षमता साधारण 110 ते 125 सीसी असते. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 199 क नुसार अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. आपल्याला माहिती नव्हती किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती हे त्याला सिद्ध करता आले नाही, तर तीन वर्षांपर्यंत कारावास आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

हेल्मेटविषयीचा समज अधिक चिवट आहे, कारण ते पोलिसांसाठी घालायचे असते असे मोठ्यांच्या वागण्यातूनच मुले शिकतात. कलम 129 चालकाइतकेच मागे बसणाऱ्यालाही लागू आहे आणि पगडी घालणाऱ्या शिखांचा अपवाद सोडल्यास चार वर्षांवरील सर्वांना बंधनकारक आहे. शिवाय त्याच कलमाच्या व्याख्येप्रमाणे पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेले तेच हेल्मेट, त्यामुळे पट्टा सैल सोडून नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेट त्या व्याख्येत बसत नाही. 2008 च्या एका मोठ्या आढाव्यात हेल्मेटमुळे दुचाकीस्वारांच्या मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे 69 टक्क्यांनी घटतो असे आढळले. ते मान किंवा पाय वाचवेल असा दावा मात्र नाटुकल्यात करू नये.

‘एवढे खाली तर उतरायचे आहे’ या वाक्याला उत्तर मैदानावरच देता येते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत जो काळ जातो त्याला प्रतिक्रियाकाळ म्हणतात; तो एक सेकंद धरला आणि रस्ता कोरडा, सपाट असला, तर ताशी 40 किलोमीटर वेगाची स्कूटर ब्रेक लागण्यापूर्वी सुमारे 11 मीटर जाते आणि थांबेपर्यंत आणखी 10. ताशी 60 ला हेच आकडे सुमारे 17 आणि 23 होतात. वेग दीडपट होताच थांबण्याचे एकूण अंतर 21 वरून 40 मीटरवर जाते, कारण ब्रेकनंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चुन्याने दोन रेघा आखून विद्यार्थ्यांना त्यांवर उभे केले की हा फरक डोळ्यांना दिसतो. उतार आणि पावसाळी रस्ता धरला, तर दोन्ही रेघा आणखी पुढे सरकवाव्या लागतात.

चर्चा म्हणजे नाटुकल्यावरील प्रश्नमंजूषा, हा शेवटचा समज. ‘रोहनने काय चूक केली?’ या प्रश्नाला सर्वांना ठाऊक असलेले एकच उत्तर येते आणि विषय संपतो. त्याऐवजी चार प्रश्न पुरेत. तन्वीला स्वतः स्कूटरवर बसायचे नव्हते, तरी ती रोहनच्या बाजूने का बोलली? समीर बसला नाही, तर उद्या वर्गात त्याला काय ऐकावे लागेल आणि तेव्हा त्याच्या बाजूने कोण बोलू शकेल? स्कूटरची किल्ली रोहनच्या हाती कोणी दिली? या तिसऱ्या प्रश्नावर मुले घरातल्या गोष्टी सांगू लागतात, म्हणून कोणाचेही नाव न घेण्याचा नियम आधीच घालून द्यावा. परिपाठाला कोणी अलीकडे आप्त गमावलेला विद्यार्थी असेल, तर त्याला पूर्वकल्पना देऊन बाहेर थांबण्याची मुभा द्यावी.

चौथा प्रश्न असा : समीर बसने उतरत असताना त्याला रोहन रस्त्याकडेला पडलेला दिसला, तर त्याने काय करावे? मदतीला गेल्यास आपणच पोलिसांच्या फेऱ्यांत अडकू, या भीतीने मोठी माणसेही मागे राहतात. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मदतकर्त्यांच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या आणि 2019 मध्ये कायद्यात कलम 134 क आले. त्यानुसार सद्हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. त्यामुळे समीरने 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, ठिकाण सांगताना जवळची ठळक खूण सांगावी, येणाऱ्या वाहनांना दुरूनच सावध करावे आणि रोहन श्वास घेत असेल तर त्याची मान वळवू नये, हेल्मेटही ओढून काढू नये.