लांबलेली पाळी आणि मग धो-धो रक्तस्राव

“पाळी येत नाही ना, म्हणून ती सुटत चाललीय. आतली घाण बाहेर पडत नाही.” वजन वाढलेल्या आणि पाळी लांबलेल्या बाईबद्दल घरोघरी असं बोललं जातं. शरीरात घडतं ते बहुतेक वेळा याच्या उलटं. आधी वजन वाढतं, मग पाळी बिघडते. आणि न आलेल्या पाळीचं रक्त आत कुठं साठूनही राहत नाही.

समजा, 34 वर्षांची एक बाई आहे. उंची 155 सेंटिमीटर. वजन 58 किलो होतं, तेव्हा तिची पाळी दर तीस दिवसांनी यायची आणि पाच दिवसांत आटपायची. चार-पाच वर्षांत वजन 72 किलोंवर गेलं. पाळी आधी 45 दिवसांवर गेली, मग दोन-दोन महिने येईना. आणि एकदा आली ती बारा दिवस थांबलीच नाही, गाठीही पडू लागल्या. तिला वाटलं, आधी एक दुखणं होतं, आता दुसरं लागलं. खरं तर दोन्ही एकाच बिघाडाचे परिणाम आहेत.

चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातलं अरोमाटेज नावाचं एन्झाइम इतर हार्मोनपासून इस्ट्रोजेन तयार करतं. शिवाय वाढलेल्या चरबीमुळे इन्सुलिन नीट काम करेनासं होतं, म्हणून शरीर ते जास्त बनवतं. हे जादा इन्सुलिन बीजांडकोशाला पुरुषी हार्मोन वाढवायला लावतं. या गोंधळात बीज पिकून फुटत नाही. पीसीओएस असेल, तर हे आणखी लवकर होतं.

बीज फुटल्यानंतरच प्रोजेस्टेरॉन तयार होतं. इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन त्याची वाढ आवरतं. साधारण दोन आठवड्यांनी प्रोजेस्टेरॉन उतरलं की सगळं अस्तर एकदम सुटतं, तीच नेहमीची पाळी. बीजच फुटलं नाही, तर अस्तर आठवडेच्या आठवडे वाढत राहतं. शेवटी ते स्वतःला सावरू शकत नाही आणि कुठून कुठून, तुकड्यातुकड्यांनी ढासळू लागतं. म्हणून रक्त जास्त जातं आणि थांबायचं नाव घेत नाही.

प्रत्येक जास्त अंगावर जाण्याचं खापर मात्र वजनावर फोडू नये. ठाण्याबाजू असणारी बाई डॉक्टरांकडे गेली की कधी कधी पुढची तपासणीच राहून जाते, हे काही बरं नाही. पाळी वेळेवर येते पण फार जाते, अशी तक्रार असेल, तर फायब्रॉइडसारखं कारण शोधायला हवं. लांबलेल्या पाळीत आधी गर्भ राहिला नाही ना ते पाहायचं, मग थायरॉइड.

आता वजन उतरवण्याबद्दल. बीज पुन्हा फुटू लागण्यासाठी 58 किलोंवर परतावंच लागतं, असं नाही. वजनाच्या पाच ते दहा टक्के, म्हणजे या बाईच्या बाबतीत साडेतीन ते सात किलो उतरले, तरी अनेकींची पाळी काही महिन्यांत जवळ येऊ लागते. साठ दिवसांची चाळीसवर, मग पस्तीसवर. प्रोजेस्टेरॉन परतलं की अस्तरही आवाक्यात राहतं आणि रक्तस्राव कमी होतो. सगळ्यांच्या बाबतीत हे घडत नाही. वजन परत चढलं तर चक्रही परत लांबू शकतं. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: बीज फुटू लागलं म्हणजे दिवसही राहू शकतात. मूल नको असेल, तर आधीच सोय करावी.

उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवलं, तर मात्र पाळी पूर्णच थांबू शकते. तेव्हा मेंदूच बीजांडकोशाला संदेश पाठवणं आवरतो. इथं इस्ट्रोजेनच कमी पडतं, अस्तर पातळ राहतं. बाहेरून दोन्हींत तक्रार एकच, “पाळी नाही.” फरक ओळखायला डॉक्टर काही दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतात. गोळ्या बंद केल्यावर रक्तस्राव झाला, तर अस्तर वाढलेलं होतं, फक्त प्रोजेस्टेरॉन कमी पडत होतं. काहीच झालं नाही, तर बहुधा इस्ट्रोजेनचीच उणीव असते.

वजन उतरेपर्यंत अस्तराला मोकळं सोडायचं नसतं. वर्षानुवर्षं प्रोजेस्टेरॉनविना वाढलेल्या अस्तरात कॅन्सर होऊ शकतो. म्हणून ठरावीक काळाने गोळ्या देऊन ते पाडतात, किंवा गर्भाशयात हार्मोनची कॉपर-टीसारखी दिसणारी साधनं बसवतात. सण आला म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दुकानातून मनाने घेणं म्हणजे हा उपचार नव्हे.

पाळीच्या तारखा, दिवस आणि पॅडची संख्या लिहून ठेवा. डॉक्टर आधी तेच विचारतील. तीन महिने पाळी आली नाही, आठ दिवसांहून जास्त चालली किंवा चक्कर येऊ लागली, तर दाखवायला जा. तासाला एक पॅड भिजत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाळी कायमची गेल्यावर थेंबभर रक्त दिसलं, तरी अस्तराची तपासणी करून घ्या.